स्विच उघडल्यानंतर इंडक्टरच्या परिपथात काय घडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील जवळजवळ सर्व उत्तरे एकाच परिपथाच्या आधारे दिली आहेत, म्हणून तो आधी नीट डोळ्यांसमोर आणावा. २४ व्होल्टची एक बॅटरी, ४ ओहमचा रेझिस्टर, ८ ओहमचा दुसरा रेझिस्टर आणि ०.६ हेन्रीचा इंडक्टर हे चारही घटक एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडले आहेत. ८ ओहमच्या रेझिस्टरला समांतर एक स्विच आहे. स्विच मिटलेला असताना सगळी धारा स्विचमधून जाते आणि ८ ओहमचा रेझिस्टर असून नसल्यासारखा असतो. स्विच बराच वेळ मिटलेला होता आणि t = 0 या क्षणी तो उघडला, एवढीच हकिकत आहे. गुंडाळीचा स्वतःचा रोध ४ ओहममध्येच धरला आहे.

स्विच ‘उघडणे’ म्हणजे चालू करणे की बंद करणे?

हा प्रश्न दरवर्षी पहिल्याच तासाला येतो आणि तो मुळीच बाळबोध नाही, कारण घोळ मराठीतच आहे. घरात आपण ‘पंख्याचा स्विच बंद कर’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात स्विचचे संपर्क एकमेकांपासून दूर जातात आणि परिपथ तुटतो. शास्त्राच्या पुस्तकात मात्र ‘बंद परिपथ’ म्हणजे जोडलेला, धारा वाहू देणारा परिपथ. म्हणजे बोलण्यातला ‘बंद’ आणि पुस्तकातला ‘बंद’ हे एकमेकांच्या नेमके उलट आहेत. या पानावर ‘बंद’ हा शब्द स्विचसाठी वापरलेला नाही. संपर्क जुळलेले असतील तर स्विच ‘मिटलेला’ आणि संपर्क दूर झाले असतील तर ‘उघडलेला’ असे म्हटले आहे. आपल्या परिपथात स्विच उघडल्याने बॅटरी सुटत नाही, फक्त ८ ओहमचा रोध धारेच्या वाटेत येतो, हेही आत्ताच लक्षात घ्यावे.

स्विच उघडण्यापूर्वी धारा किती होती, हे कसे ठरवायचे?

बराच वेळ गेल्यावर धारा स्थिर होते. धारा बदलत नसेल तर इंडक्टरवर व्होल्टेज उरत नाही, आणि तो नुसत्या तारेसारखा वागतो. तेव्हा २४ व्होल्ट भागिले ४ ओहम, म्हणजे ६ अँपिअर. ‘बराच वेळ’ म्हणजे किती, याचा विचार शेवटच्या प्रश्नात केला आहे.

स्विच उघडताच रोध तिप्पट झाला, तर धारा लगेच एक तृतीयांश का होत नाही?

कारण इंडक्टरमधील धारेला उडी मारता येत नाही. इंडक्टरवरील व्होल्टेज हे इंडक्टन्स आणि धारा बदलण्याचा वेग यांच्या गुणाकाराइतके असते:

v = L · di/dt

धारेने शून्य वेळात ६ वरून २ वर यायचे ठरवले, तर बदलाचा वेग अनंत होईल, आणि त्यासाठी अनंत व्होल्टेज लागेल. आपल्या परिपथात असे व्होल्टेज निर्माण करणारे काहीच नाही. ऊर्जेच्या भाषेत पाहिले तरी हेच निघते. ६ अँपिअर असताना गुंडाळीच्या चुंबकीय क्षेत्रात १०.८ ज्यूल ऊर्जा साठलेली असते आणि २ अँपिअरला ती १.२ ज्यूल असते. मधले ९.६ ज्यूल कुठेतरी जायला वेळ हा लागणारच.

म्हणून स्विच उघडण्याच्या आधीच्या क्षणी धारा ६ अँपिअर होती, तर नंतरच्या क्षणीही ती ६ अँपिअरच असते. या आधीच्या आणि नंतरच्या क्षणांना आपण अनुक्रमे 0− आणि 0+ असे लिहितो. उडी न मारण्याचे हे बंधन फक्त इंडक्टरमधील धारेवर आहे. इंडक्टरवरील व्होल्टेज, ८ ओहमच्या रेझिस्टरमधील धारा, स्विचवरील व्होल्टेज या सगळ्यांना उडी मारण्याची पूर्ण मोकळीक आहे, आणि आपल्या परिपथात त्या तीनही राशी खरोखरच उडी मारतात. उत्तरपत्रिकेत ‘काहीच अचानक बदलत नाही’ असे लिहिलेले आढळते, ते चूक आहे.

२४ व्होल्टच्या बॅटरीवर स्विचला ४८ व्होल्ट कसे सोसावे लागतात?

0+ या क्षणी ६ अँपिअरच्या धारेला ८ ओहमच्या रेझिस्टरमधूनच जावे लागते, कारण स्विचची वाट बंद झालेली आहे (मी ‘बंद’ न वापरण्याचे वचन दिले होते, पण वाटेच्या बाबतीत तो शब्द चालवून घ्यावा). सहा आठे अठ्ठेचाळीस. स्विच त्या रेझिस्टरला समांतर असल्याने त्याच्या उघड्या संपर्कांमध्येही तेच ४८ व्होल्ट दिसतात. ४ ओहमवर २४ व्होल्ट आहेतच. दोन्ही रेझिस्टर मिळून ७२ व्होल्ट झाले आणि बॅटरी तर २४ चीच आहे. उरलेले ४८ व्होल्ट इंडक्टर देतो:

vL(0+) = 24 − (4 + 8) · 6 = −48 V

ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच की, इंडक्टर आता परिपथातून ऊर्जा घेत नसून परिपथाला देत आहे. त्या एका क्षणाचा हिशेब मला फार आवडतो. बॅटरी २४ गुणिले ६, म्हणजे १४४ वॅट देते. ४ ओहमचा रेझिस्टर बरोबर तेवढेच १४४ वॅट खातो. ८ ओहमचा रेझिस्टर २८८ वॅट खातो आणि इंडक्टर ४८ गुणिले ६, म्हणजे २८८ वॅटच देतो. म्हणजे त्या क्षणापुरता नव्याने आलेल्या रेझिस्टरचा सगळा खर्च एकट्या गुंडाळीने उचललेला असतो. पुढच्याच क्षणापासून हे गणित बदलू लागते आणि शेवटी सगळा भार पुन्हा बॅटरीवर येतो.

स्विच निवडताना बॅटरीचे व्होल्टेज पाहून चालत नाही, ते येथे दिसते. ८ ओहमच्या जागी ८० ओहमचा रेझिस्टर असता तर उघड्या संपर्कांवर ४८० व्होल्ट आले असते, तेही २४ व्होल्टच्याच बॅटरीवर.

नैसर्गिक प्रतिसाद आणि लादलेला प्रतिसाद म्हणजे नेमके काय?

वर्गात यांना नॅचरल रिस्पॉन्स आणि फोर्स्ड रिस्पॉन्स म्हटले जाते. स्विच उघडल्यानंतरच्या परिपथाचे समीकरण असे आहे:

0.6 · di/dt + 12 · i = 24

उजवीकडचे २४ हे बाहेरच्या स्रोताचे म्हणणे आहे. त्या स्रोताने परिपथाला जे करायला भाग पाडले, तो लादलेला प्रतिसाद. स्रोत स्थिर असल्याने तोही स्थिर असतो, आणि तो २४ भागिले १२, म्हणजे २ अँपिअर आहे. उजवीकडे शून्य ठेवले, म्हणजे स्रोत मिटवून टाकला, तर परिपथाची स्वतःची चाल उरते. ही चाल L आणि R यांनीच ठरते, स्रोत कोणताही असो. आपल्या परिपथात ती A · e^(−20t) अशी घातांकाने उतरणारी धारा आहे. येथील २० म्हणजे १२ भागिले ०.६. त्याचा व्यस्त म्हणजे १/२० सेकंद, ५० मिलिसेकंद, हा या परिपथाचा कालस्थिरांक होय, आणि तो τ या अक्षराने दाखवतात.

दोन्ही प्रतिसादांची बेरीज म्हणजे संपूर्ण धारा. A किती हे ठरवण्यासाठी 0+ ची धारा वापरायची: २ अधिक A बरोबर ६, म्हणून A बरोबर ४.

i(t) = 2 + 4 · e^(−20t) A

vL(t) = −48 · e^(−20t) V

स्विचवरील व्होल्टेज धारेच्या आठपट, म्हणजे 16 + 32 · e^(−20t) व्होल्ट असते. ते शून्यावरून एकदम ४८ वर जाते आणि मग हळूहळू १६ वर स्थिरावते. ५० मिलिसेकंदांनी धारा ३.४७ अँपिअर, १०० मिलिसेकंदांनी २.५४ आणि १५० मिलिसेकंदांनी २.२० अँपिअर असते. पाच कालस्थिरांकांनंतर, म्हणजे पाव सेकंदाने, ती २.०३ असते आणि व्यवहारात आपण धारा स्थिर झाली असे म्हणतो.

नैसर्गिक भागाचा गुणक ६ का नाही? सुरुवातीची धारा तर ६ होती.

ही या विषयातली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे, आणि तिचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. नैसर्गिक भाग हा सुरुवातीच्या धारेचा नव्हे, तर सुरुवातीची धारा आणि लादलेली धारा यांच्यातील तफावतीचा असतो. परिपथाला ६ वरून २ वर यायचे आहे, त्यामुळे विझायचे आहेत ते ४ अँपिअर. कोणी 2 + 6 · e^(−20t) लिहिले तर t = 0 ठेवून पाहावे. उत्तर ८ येते, आणि ८ अँपिअर या परिपथात कधीच नव्हते.

गोंधळ वाढतो तो आणखी एका विभागणीमुळे. त्याच धारेचे तुकडे असेही करता येतात: स्रोत नसताना केवळ साठलेल्या ऊर्जेमुळे मिळणारी धारा 6 · e^(−20t), आणि साठलेली ऊर्जा शून्य धरून केवळ स्रोतामुळे मिळणारी धारा 2 · (1 − e^(−20t)). यांची बेरीजही तीच येते. पहिल्या तुकड्याला शून्य-आदान प्रतिसाद आणि दुसऱ्याला शून्य-अवस्था प्रतिसाद म्हणतात. येथे ६ हा गुणक बरोबर आहे, पण तो नैसर्गिक प्रतिसादाचा गुणक नाही. स्रोताच्या तुकड्यातही e^(−20t) दडलेला आहे, आणि त्याचे उणे २ त्या ६ मध्ये मिळवले की ४ उरतात. प्रश्नात कोणती विभागणी विचारली आहे ते शब्द न शब्द वाचावे. दोन विभागण्यांमधले एकेक पद उचलून बेरीज केली की हमखास ८ अँपिअरचे उत्तर येते.

कालस्थिरांकात कोणता R घ्यायचा?

स्विच उघडल्यानंतरच्या परिपथाचा. आधीच्या परिपथाकडून फक्त एकच वारसा घ्यायचा असतो, तो म्हणजे 0− ची धारा. आधीचा R ती धारा काढण्यापुरता वापरून सोडून द्यावा. आपल्या उदाहरणात कोणी ४ ओहम घेऊन ०.६ भागिले ४, म्हणजे १५० मिलिसेकंद असा कालस्थिरांक काढला, तर प्रत्येक क्षणाची धारा चुकते, पण सुरुवात आणि शेवट बरोबर येतो, आणि म्हणूनच ही चूक ताळा करूनही सापडत नाही. ती पकडण्याचा एक उपाय आहे: सुरुवातीचा उतार दोन वाटांनी काढून पाहावा. इंडक्टरवरील व्होल्टेजवरून तो −४८ भागिले ०.६, म्हणजे सेकंदाला −८० अँपिअर येतो. समीकरणावरून तो −४ भागिले τ असतो. τ = ५० मिलिसेकंद घेतल्यास −८० च येतो, १५० घेतल्यास −२६.७ येतो, आणि चूक उघडी पडते.

रेझिस्टर अनेक असून काही एकसर आणि काही समांतर असतील, तर इंडक्टर परिपथातून मनाने उचलून बाजूला ठेवावा आणि त्याच्या दोन टोकांतून आत पाहिल्यास किती रोध दिसतो ते काढावे. तसे पाहताना व्होल्टेज-स्रोताच्या जागी तार धरायची आणि धारा-स्रोताची जागा मोकळी सोडायची.

लादलेला प्रतिसाद नेहमी स्थिरच असतो का?

नाही. तो स्रोतासारखा असतो. बॅटरीऐवजी ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती स्रोत असेल तर लादलेली धाराही ५० हर्ट्झचीच लाट असते, आणि आपल्या घटकांसाठी ती व्होल्टेजच्या सुमारे ८६ अंश मागे असते. कालस्थिरांक मात्र ५० मिलिसेकंदच राहतो, कारण त्याचा स्रोताशी संबंध नाही. नैसर्गिक भाग किती मोठा असेल हे आता स्विच लाटेच्या कोणत्या क्षणी उघडला यावर ठरते, आणि लाटेत असेही क्षण सापडतात की त्या वेळी उघडल्यास नैसर्गिक भाग अजिबातच निर्माण होत नाही. दुसऱ्या टोकाला, स्विच उघडल्याने स्रोतच सुटत असेल तर लादलेला भाग शून्य होतो आणि नुसता नैसर्गिक भाग उरतो.

ऑसिलोस्कोपवर कालस्थिरांक कसा मोजायचा?

वर दिलेले आकडे हिशेबाला सोपे आहेत, पण ६ अँपिअर धारा आणि १४४ वॅटचा रेझिस्टर प्रयोगशाळेच्या टेबलावर परवडत नाही. आम्ही तोच परिपथ ४०० आणि ८०० ओहम घेऊन मांडतो. धारा ६० मिलिअँपिअरवरून २० मिलिअँपिअरवर येते, कालस्थिरांक अर्धा मिलिसेकंद होतो, आणि व्होल्टेज सगळी तीच राहतात, अगदी उणे ४८ सुद्धा. ४०० ओहमचा रेझिस्टर किमान २ वॅटचा घ्यावा, कारण स्विच मिटलेला असताना त्यात १.४४ वॅट उष्णता होते. गुंडाळीचा रोध मल्टिमीटरने मोजून तेवढा त्यातून वजा करावा.

धारा थेट दिसत नाही, म्हणून रेझिस्टरवरील व्होल्टेज पाहावे. प्रोबची जमीन बॅटरीच्या ऋण टोकाला राहील अशा बेताने घटकांचा क्रम लावावा. ट्रिगर एकवार, उतरत्या कडेवर आणि पडद्यावर एका चौकटीला अर्धा मिलिसेकंद ठेवला की उतरती रेघ नीट मिळते. हाताने दाबायच्या बटणाचे संपर्क उघडताना क्षणभर थरथरतात आणि रेघेच्या माथ्यावर दाते दिसतात, तेव्हा मोजणी त्यांच्या पुढून सुरू करावी.

मोजताना चूक होते ती ३७ टक्क्यांची. ‘एका कालस्थिरांकात धारा ३७ टक्क्यांवर येते’ हे वाक्य पाठ असते, आणि विद्यार्थी ६० च्या ३७ टक्क्यांवर, म्हणजे २२ मिलिअँपिअरवर खूण करतात. ती धारा यायला जवळजवळ तीन कालस्थिरांक लागतात. उत्तर तिप्पट येते, आणि मग इंडक्टर खराब आहे, अशी तक्रार माझ्याकडे येते. ३७ टक्के घ्यायचे ते तफावतीचे. तफावत ४० आहे, तिचे ३७ टक्के म्हणजे सुमारे १४.७, त्यात शेवटचे २० मिळवून ३४.७ मिलिअँपिअर. रेघ त्या उंचीला येईल तेथे कालस्थिरांक वाचावा. पट्टी घेऊन सुरुवातीच्या उताराची स्पर्शिका खाली वाढवली, तर ती शेवटच्या आडव्या रेषेला बरोबर एका कालस्थिरांकाशी मिळते, हा ताळाही करून पाहावा.

स्विच उघडल्यावर धारेला दुसरी वाटच नसेल तर?

आपल्या परिपथातून ८ ओहमचा रेझिस्टर काढून टाकला आणि स्विच एकसर ठेवला असे समजा. समीकरण म्हणते की रोध अनंत, कालस्थिरांक शून्य आणि व्होल्टेज अनंत. प्रत्यक्षात धारा स्वतःच वाट काढते. संपर्क दूर होऊ लागताच त्यांच्यामधील हवेत ठिणगी किंवा चाप पेटतो आणि साठलेली ऊर्जा तेथे जळते. लांब तारेचा परिपथ तोडताना पडणारी ही ठिणगी जोसेफ हेन्री यांनी १८३२ मध्ये नोंदवली होती, आणि इंडक्टन्सच्या एककाला त्यांचेच नाव आहे. रिलेच्या डबीवर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट एसी’ आणि त्याखाली ‘१० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी’ असे छापलेले असते, त्याचे कारण हेच: एसीमध्ये धारा दर अर्ध्या आवर्तनाला आपोआप शून्यातून जाते आणि चाप विझण्याची संधी मिळते, डीसीमध्ये ती मिळत नाही.

कधी कधी ही वाट नकळत आपणच देऊन ठेवतो. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा रोध डीसी धारा सोडून मोजताना व्होल्टमीटर गुंडाळीच्या टोकांना जोडलेला असतो. तो तसाच ठेवून धारा तोडली, तर गुंडाळीची धारा त्या मीटरच्या प्रचंड रोधातून जाऊ पाहते आणि मीटर जातो, शिवाय टोकाला हात असेल तर माणसालाही झटका बसतो. म्हणून आधी व्होल्टमीटर सोडवायचा, नंतर धारा कमी करून तोडायची, असा क्रम आहे. विद्यार्थी असताना हा क्रम मी एकदा उलटा केला होता. मीटरचा काटा टोकाला आदळून वाकला, आणि तो वाकलेला काटा प्रयोगशाळेच्या कपाटात पुढे वर्षभर माझ्या नावाने दाखवला जात असे.

रिलेच्या कॉइलला उलटा डायोड लावला की यातले काय बदलते?

१२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची असते आणि तिच्यातून ३० मिलिअँपिअर जातात. हिशेबासाठी तिचा इंडक्टन्स ०.४ हेन्री धरू, म्हणजे कालस्थिरांक १ मिलिसेकंद झाला. कॉइलला धारा देणारा ट्रान्झिस्टर वाहायचा थांबला की कॉइलची धारा डायोडमधून फिरू लागते. येथे पुष्कळ जण केवळ नैसर्गिक प्रतिसाद लिहितात, कारण स्रोत सुटलेला दिसतो. पण डायोडवरचे ०.७ व्होल्ट धारेच्या विरुद्ध असलेल्या एका छोट्या बॅटरीसारखे वागतात, आणि त्यामुळे लादलेला भाग शून्य नसून उणे ०.७ भागिले ४००, म्हणजे −१.७५ मिलिअँपिअर आहे:

i(t) = −1.75 + 31.75 · e^(−t/τ) mA

ही धारा −१.७५ कडे निघालेली असते, पण शून्यावर पोहोचताच डायोड वाहायचा थांबतो आणि धारा तेथेच संपते. तो क्षण २.९ मिलिसेकंदांनी येतो. म्हणजे लादलेला प्रतिसाद प्रत्यक्षात कधीच गाठला जात नाही, पण धारा कोणत्या वाटेने उतरेल हे तोच ठरवतो. नुसता नैसर्गिक भाग लिहिला असता तर धारा शून्यावर कधी येते, या प्रश्नाला उत्तरच नव्हते.

आता डायोडच्या जोडीला उलट दिशेने २४ व्होल्टचा झेनर बसवला, तर विरोधी व्होल्टेज २४.७ होते, लादलेला भाग −६१.७५ मिलिअँपिअर होतो आणि धारा ०.४ मिलिसेकंदांतच शून्यावर येते. कालस्थिरांक तोच १ मिलिसेकंद आहे, तरी वेळ सातपटीने कमी झाला, कारण धारा आता फार खालच्या लक्ष्याकडे निघालेली आहे. त्याची किंमत ट्रान्झिस्टर मोजतो: त्याच्यावर १२.७ ऐवजी ३६.७ व्होल्ट येतात. माझ्या मते साध्या कामाला एकटा डायोड पुरतो. रिलेचे संपर्क मोठी डीसी धारा तोडत असतील, तर मात्र झेनरचा खर्च करावा, कारण कॉइलची धारा सावकाश उतरली की संपर्कही सावकाश सुटतात आणि चाप लांबतो.

हे समीकरण कोठे लागू पडत नाही?

लोखंडी गाभा संपृक्त होत असेल तेथे. जास्त धारेला L कमी असतो आणि धारा उतरत गेली की तो वाढतो, म्हणून रेघ सुरुवातीला अपेक्षेपेक्षा जलद आणि पुढे संथ पडते. तफावतीचा लॉगॅरिदम काढून आलेख काढला आणि सरळ रेषेऐवजी बाक आला, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. रिलेत तर आर्मेचर सुटताना L मध्येच बदलतो, म्हणून वरचे मिलिसेकंद अंदाजापुरतेच घ्यावेत. धारेची वाट फारच मोठ्या रोधाची असेल तेव्हा गुंडाळीच्या वेटोळ्यांमधील धारितेला वगळता येत नाही. मग परिपथ दुसऱ्या कोटीचा होतो आणि पडद्यावर घातांकी उताराऐवजी डोलणारी लाट दिसते.

स्विच उघडण्यापूर्वी धारा स्थिर झालेलीच नसेल तर?

तर 0− ची धारा ६ नसते, ती वेगळी काढावी लागते. समजा परिपथ २ अँपिअरवर स्थिर होता, स्विच मिटवला आणि फक्त १०० मिलिसेकंदांनी पुन्हा उघडला. मिटलेल्या स्थितीत रोध ४ ओहम आहे, म्हणून कालस्थिरांक १५० मिलिसेकंद, आणि स्थिर व्हायला पाऊण सेकंद तरी हवा होता. धारा ६ कडे निघाली खरी, पण १०० मिलिसेकंदांत ती ३.९५ अँपिअरपर्यंतच पोहोचली. स्विच उघडल्यावर शेवटची धारा तीच २ आणि कालस्थिरांक तोच ५० मिलिसेकंद, फक्त तफावत आता १.९५ आहे:

i(t) = 2 + 1.95 · e^(−20t) A

उघड्या संपर्कांवर येणारे व्होल्टेजही ४८ ऐवजी सुमारे ३१.६ भरते. येथे t = 0 हा क्षण दुसऱ्यांदा, स्विच उघडल्यापासून नव्याने मोजला आहे. तसे न करता जुनेच घड्याळ चालू ठेवायचे असेल, तर घातांकात t च्या जागी t − 0.1 लिहावे.